ओतीव पोलादातील छिद्रे आणि पोकळ्या: निदानापासून रायझर व गेटिंगच्या मापांपर्यंत

मशिन शॉपमध्ये गिअर ब्लँकला बोअर पाडताना आत पोकळी उघडी पडली, की फाउंड्रीत पहिला उपाय बहुतेक वेळा एकच सुचवला जातो, तो म्हणजे रायझर, म्हणजे गोठताना कास्टिंगला द्रव धातू पुरवणारा साठा, मोठा करा. पोकळी आकुंचनामुळे झालेली असेल, तर या उपायाचा कधी उपयोग होतो. ती वायूमुळे झालेली असेल, तर तेवढे पोलाद जास्त वितळवावे लागते आणि रिजेक्शन जिथल्या तिथे राहते. म्हणून या लेखात आधी दोष ओळखण्याची पद्धत दिली आहे आणि त्यानंतर एका साध्या गिअर ब्लँकसाठी रायझरचे आणि गेटिंगचे, म्हणजे धातू साच्यात नेणाऱ्या वाटांचे, गणित पायरीपायरीने केले आहे. धातू म्हणून ०.२५ टक्के कार्बनचे साधे ओतीव पोलाद घेतले आहे, कारण आकुंचनाचा प्रश्न त्यात सर्वांत उघडपणे दिसतो. कोल्हापूर परिसरातील बहुसंख्य फाउंड्र्या ज्या बिडाच्या आणि एसजी आयर्नच्या कामावर चालतात, त्यांच्यासाठी हे गणित कुठे बदलते, ते शेवटी सांगितले आहे.

पायरी १: पोकळी कापून पाहणे

दोषी कास्टिंग भंगारात टाकण्यापूर्वी रायझरच्या मध्यातून उभे कापावे. रायझर आधीच कापून वेगळा झाला असेल, तर तोही शोधून आणावा, कारण निम्मी माहिती रायझरमध्येच असते. कापलेला पृष्ठभाग घासून साध्या भिंगाखाली पोकळीची भिंत पाहावी.

वायूमुळे झालेल्या छिद्राची भिंत गुळगुळीत आणि बहुधा चकचकीत असते. छिद्राचा आकार गोल, अंडाकृती किंवा नासपतीसारखा असतो, कारण धातू द्रव असतानाच वायूच्या बुडबुड्याने आपली जागा करून घेतलेली असते. आकुंचनाच्या पोकळीची भिंत मात्र खडबडीत आणि काटेरी असते. धातू गोठताना झाडाच्या फांद्यांसारखे वाढणारे स्फटिक, म्हणजे डेंड्राइट, त्यांच्यामधला द्रव ओढला गेल्यामुळे उघडे पडलेले असतात. भिंगातून ही टोके स्पष्ट दिसतात आणि एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला कठीण जात नाही.

दुसरी खूण जागेची आहे. आकुंचनाची पोकळी कास्टिंगच्या जाड भागात, दोन भिंती मिळतात त्या सांध्यात किंवा रायझरच्या बुडाशी सापडते, आणि त्याच पॅटर्नच्या प्रत्येक नगात जवळजवळ त्याच ठिकाणी येते. वायूची छिद्रे वरच्या बाजूच्या त्वचेखाली, कोअरच्या लगत किंवा ओल्या चिलच्या, म्हणजे धातू लवकर गोठवण्यासाठी साच्यात बसवलेल्या लोखंडी तुकड्याच्या, समोर येतात. एका हीटमध्ये, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूत, ती भरपूर दिसतात आणि दुसऱ्या हीटमध्ये अजिबात नसतात. त्यामुळे रिजेक्शनची नोंद नग क्रमांकाबरोबर हीट क्रमांकानुसारही ठेवली, तर कित्येकदा कास्टिंग न कापताही दोषाचा अंदाज बांधता येतो.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला आहे आणि तो सर्वांत जास्त फसवतो. शेवटी गोठणाऱ्या भागात द्रव कमी पडला, की तिथला दाब घटतो. धातूत विरघळलेला हायड्रोजन एरवी बाहेर पडला नसता, तो या कमी दाबाच्या जागेत बाहेर येतो आणि छोट्या पोकळीला मोठी करतो. अशा पोकळीची काही भिंत काटेरी आणि काही गुळगुळीत दिसते. इथे फीडिंग सुधारणे आणि वायू कमी करणे ही दोन्ही कामे करावी लागतात. मात्र दोन्ही बदल एकाच चाचणीत करू नयेत, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

पायरी २: वायूचा उगम आधी बंद करणे

द्रव पोलादात हायड्रोजन जितका विरघळतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी गोठलेल्या पोलादात मावतो. उरलेला वायू गोठताना बाहेर पडू पाहतो आणि अडकतो. हा हायड्रोजन मुख्यतः पाण्यातून येतो. गंजलेले किंवा ओले भंगार, पुरता न सुकलेला लॅडलचा लेप, ओलसर फेरोअलॉय आणि जास्त पाण्याची ग्रीन सँड ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. लॅडल आतून लाल दिसेपर्यंत तापवणे आणि फेरोअलॉय वापरण्यापूर्वी तापवून घेणे हा उपाय सर्वांना माहीत असतो, पण पावसाळ्यात आणि घाईच्या दिवशी नेमका तोच वगळला जातो.

दुसरा वायू कार्बन मोनॉक्साइड आहे. पोलादात मोकळा ऑक्सिजन उरला असेल, तर तो गोठताना कार्बनशी संयोग पावतो आणि बुडबुडे तयार होतात. त्यासाठी सिलिकॉन आणि मँगनीजनंतर शेवटी ॲल्युमिनियम देतात. साधारणपणे कास्टिंगमध्ये ०.०३ ते ०.०६ टक्के ॲल्युमिनियम उरेल एवढे ते असावे लागते. यापेक्षा फार जास्त देणेही सुरक्षित नाही, कारण नायट्रोजन जास्त असलेल्या जाड कास्टिंगमध्ये ॲल्युमिनियम नायट्राइड कणांच्या सीमांवर जमून पोलाद ठिसूळ करते. शिवाय लॅडलमध्ये ॲल्युमिनियम टाकल्यावर धातू बराच वेळ थांबवून ठेवला, तर ते हवेशी जळून कमी होत जाते. म्हणून एकाच लॅडलमधल्या शेवटच्या साच्यांत पिनहोल दिसत असतील, तर संशय आधी तिथे घ्यावा.

तिसरा उगम साचा आणि कोअर हा आहे. बाइंडर जळून निघणारा वायू कोअरच्या आतून वेंटद्वारे बाहेर गेला नाही, तर तो धातूत शिरतो आणि मोठा ब्लो होल होतो. नायट्रोजन असलेले नो-बेक बाइंडर वापरताना रेझिनचे प्रमाण वाढले, की त्वचेखाली बारीक छिद्रांची रांग दिसते. यांपैकी एकाही कारणावर रायझर हे औषध नाही. गेटिंगचा मात्र वायूशी थेट संबंध आहे, कारण धातू खळाळत गेला तर तो हवा आणि ऑक्साइड दोन्ही आत नेतो. त्याकडे पायरी ६ मध्ये येऊ.

पायरी ३: किती द्रव लागेल, हे ठरवणे

पोलाद तीन वेळा आकसते. पहिले आकुंचन ओतण्याच्या तापमानापासून गोठणे सुरू होईपर्यंत द्रवातच होते, आणि दर १०० अंशांना सुमारे १.६ टक्के असते. दुसरे आकुंचन गोठताना होते आणि ते सुमारे ३ टक्के असते. तिसरे आकुंचन घन झाल्यानंतरचे आहे. ते लांबीत सुमारे २ टक्के असते, त्याची भरपाई पॅटर्नच्या मापात केलेली असते आणि त्याचा रायझरशी काही संबंध नाही.

आपल्या पोलादाचे गोठणे साधारण १५१० अंश सेल्सिअसला सुरू होते. ओतण्याचे तापमान १५८० धरले, तर ७० अंशांचे द्रव आकुंचन सुमारे १.१ टक्के येते. त्यात गोठण्याचे ३ टक्के मिळवले, की ४ टक्क्यांच्या थोडे वर जाते. धातूच्या दाबाने साचा किंचित फुगतो, तेही धरून आपण हिशेबासाठी ५ टक्के घेऊ. या आकड्यावरून एक गोष्ट सहज दिसते. ओतण्याचे तापमान ५० अंशांनी वाढवले, की फीडिंगची गरज जवळजवळ पाऊण टक्क्याने वाढते आणि वायूही जास्त विरघळतो. पातळ भाग भरत नाही म्हणून तापमान वाढवत राहणे हा सोयीचा पण महाग मार्ग आहे, हे त्यासाठी लक्षात ठेवावे लागते.

पायरी ४: कोणता भाग केव्हा गोठतो, ते मोजणे

ख्वोरिनोव्ह यांनी १९४० मध्ये मांडलेला नियम सांगतो, की एखादा भाग गोठायला लागणारा वेळ त्याच्या घनफळाला थंड होणाऱ्या पृष्ठफळाने भागून येणाऱ्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. या भागाकाराला मोड्युलस म्हणतात. भागाचे वजन जास्त आहे, म्हणून तो उशिरा गोठेल, असे नसते. तेवढ्याच वजनाचा चपटा भाग ठोकळ्यापेक्षा कितीतरी आधी गोठतो.

आपला गिअर ब्लँक असा आहे: खाली ३६० मिमी व्यासाची आणि ४० मिमी जाडीची चकती, आणि तिच्या मध्यातून वर येणारा १२० मिमी व्यासाचा भरीव हब. हबची एकूण उंची चकतीच्या जाडीसह १२० मिमी आहे, म्हणजे चकतीच्या वर तो ८० मिमी दिसतो. बोअर नंतर मशिनवर पाडायचा आहे.

चकतीचा मधला हब वगळून उरलेल्या कड्याचे घनफळ ३६१९ घन सेंमी येते. त्याच्या वरच्या, खालच्या आणि बाहेरच्या काठाच्या पृष्ठांची बेरीज २२६२ चौ. सेंमी होते. भागाकार १.६ सेंमी आहे. हबचे घनफळ १३५७ घन सेंमी आहे. पृष्ठफळ काढताना जिथे हब चकतीला चिकटलेला आहे, तेवढी बाजू मोजायची नाही, कारण तिथून उष्णता वाळूत जात नाही. ती वगळून ५२८ चौ. सेंमी उरतात आणि मोड्युलस २.५७ सेंमी येतो.

याचा अर्थ चकती आधी आणि हब नंतर गोठणार. गोठताना चकती आपली भूक हबमधून भागवणार आणि हब रिकामा होणार. रायझर नसेल, तर सगळ्या कास्टिंगची मिळून पोकळी हबच्या वरच्या अर्ध्यात जमा होईल. बोअर पाडला, की मधली पोकळी निघून जाईल, असा हिशेब काही जण करतात, पण पोकळीभोवतीचा स्पंजासारखा भाग बोअरच्या व्यासापेक्षा रुंद असतो आणि मशिनिंगनंतर नेमका कीवेच्या खाचेत उघडा पडतो.

पायरी ५: रायझरचे माप

रायझरने दोन वेगळ्या परीक्षा उत्तीर्ण व्हायला हव्यात. पहिली वेळेची: तो कास्टिंगच्या शेवटी गोठणाऱ्या भागानंतर गोठला पाहिजे. दुसरी मालाची: त्याच्यात देण्यापुरता द्रव असला पाहिजे. यांपैकी एकच तपासून थांबल्यामुळे अनेक रायझर फसतात.

वेळेसाठी रायझरचा मोड्युलस हबच्या १.२ पट घेतात. वेळ वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे रायझर सुमारे ४४ टक्के जास्त वेळ द्रव राहतो. २.५७ ची १.२ पट म्हणजे ३.०८ सेंमी. हबवर थेट बसणाऱ्या उभ्या गोल रायझरची उंची व्यासाच्या दीडपट ठेवली आणि बुडाची बाजू थंड होणाऱ्या पृष्ठात धरली नाही, तर त्याचा मोड्युलस व्यासाच्या ०.२१४ पट येतो. ३.०८ ला ०.२१४ ने भागले, की व्यास १४४ मिमी मिळतो. आपण १४५ मिमी व्यास आणि २१८ मिमी उंची घेऊ.

आता मालाची परीक्षा. या रायझरचे घनफळ ३६०० घन सेंमी आहे. साध्या वाळूतल्या गोल रायझरमधून प्रत्यक्षात सुमारे १४ टक्केच द्रव बाहेर देता येतो, कारण उरलेला रायझरच्या भिंतींवर आधीच गोठतो. म्हणजे ५०४ घन सेंमी उपलब्ध आहेत. गरज कास्टिंग आणि रायझर या दोघांची मिळून मोजावी लागते, कारण रायझर स्वतःही आकसतो. कास्टिंगचे ४९७६ आणि रायझरचे ३६०० मिळवून त्यांचे ५ टक्के काढले, की ४२९ येतात. परीक्षा उत्तीर्ण झाली.

पण या रायझरची अडचण वेगळी आहे. त्याचा व्यास हबपेक्षा २५ मिमी मोठा असल्यामुळे त्याचे बूड निमुळते करून हबवर बसवावे लागेल, आणि त्याचे वजन सुमारे २८ किलो आहे, तर कास्टिंगचे ३९ किलो. गेटिंग न धरताही ओतलेल्या धातूपैकी ५८ टक्केच विकता येईल. म्हणून इथे इन्सुलेटिंग स्लीव्ह वापरणे योग्य ठरते.

स्लीव्हमुळे रायझर जणू १.३ पट मोठ्या मोड्युलसचा असल्यासारखा वागतो, असे साधारणपणे धरतात. नेमका आकडा स्लीव्हच्या उत्पादकाकडून घ्यावा. ३.०८ ला १.३ ने भागले, की २.३७ सेंमी मोड्युलस पुरेसा ठरतो आणि व्यास ११० मिमी येतो. तो १२० मिमीच्या हबवर नीट बसतो. उंची दीडपट, म्हणजे १६५ मिमी घेतली, तर घनफळ १५६८ घन सेंमी होते आणि गरज ३२७ घन सेंमी येते. स्लीव्हच्या रायझरमधून चांगल्या आवरण पावडरसह २५ टक्के किंवा त्याहून जास्त द्रव मिळू शकतो, पण पावडर वेळेवर पडेलच, याची खात्री नसते. म्हणून मी २० टक्केच धरतो. मग १६५ मिमी उंचीत ३१४ घन सेंमी मिळतात आणि रायझर थोडक्यात कमी पडतो. उंची १८० मिमी केली, की घनफळ १७११ होते, त्यातून ३४२ मिळतात आणि गरज ३३४ ची राहते. मोड्युलसही किंचित वाढून पुरेसा होतो. या रायझरचे वजन १३.४ किलो आहे, आधीच्या निम्म्याहून कमी.

रायझर कितीही मोठा केला, तरी त्याचा द्रव अमर्याद लांब पोहोचत नाही. पोलादाच्या सपाट प्लेटसाठी ही पोहोच रायझरच्या काठापासून जाडीच्या सुमारे ४.५ पट मानतात. त्यातली २.५ पट लांबी बाहेरच्या थंड काठामुळे मिळते आणि २ पट रायझरच्या उष्णतेमुळे. आपल्या चकतीत हबच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत १२० मिमी, म्हणजे जाडीच्या ३ पट अंतर आहे. हब इथे चकतीचा रायझर म्हणून काम करतो, त्यामुळे ही लांबी मर्यादेत आहे. तरी चकतीत बाहेरच्या बाजूला धातू जास्त असतो, ही गोष्ट प्लेटसाठीच्या नियमात येत नाही. एक्स-रेत किंवा काप घेतल्यावर चकतीच्या मध्यरेषेवर बारीक सच्छिद्रता दिसली, तर हबकडे चकतीची जाडी ४० वरून ४४ मिमीपर्यंत हळूहळू वाढवावी. यालाच पॅडिंग म्हणतात, आणि मशिनिंगमध्ये ते काढता येते.

हबच्या बुडाशी साच्यात एक सपाट लोखंडी चिल ठेवली, तर गोठणे खालून सुरू होऊन सरळ वर रायझरकडे सरकते. या कास्टिंगमध्ये ती आवश्यक नाही, पण उपयोगी आहे. चिल गंजलेली असेल किंवा रात्रभर बंद साच्यात राहून तिच्यावर दव जमले असेल, तर आकुंचन कमी होऊन तिच्या समोर ब्लो होल तयार होतो. चिल स्वच्छ, लेप दिलेली आणि कोमट असावी आणि साचा बंद केल्यावर तो फार वेळ ठेवू नये.

पायरी ६: गेटिंग

गेटिंगचे पहिले काम धातू शांतपणे आत नेणे हे आहे. दुसरे काम रायझरच्या योजनेत अडथळा न आणणे. द्रव धातूचा वेग इनगेटमधून, म्हणजे कास्टिंगला लागणाऱ्या शेवटच्या वाटेतून, बाहेर पडताना सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरच्या वर गेला, की पृष्ठभाग उसळतो, त्यावरील ऑक्साइडच्या पापुद्र्याच्या घड्या आत जातात आणि त्यांत हवा अडकते. या घड्या पुढे सच्छिद्रतेची बीजे ठरतात. धातू वरून पडत असेल, तर काही सेंटिमीटरच्या उडीतही हा वेग ओलांडला जातो. ४० मिमी खाली पडलेला धातू सेकंदाला जवळजवळ ०.९ मीटर वेगाने आदळतो. म्हणून पार्टिंग चकतीच्या वरच्या पृष्ठावर न ठेवता तिच्या तळाशी ठेवावी. मग सगळे कास्टिंग वरच्या पेटीत येते, रनर खालच्या पेटीत राहतो आणि इनगेट चकतीच्या तळाशी लागतात.

ओतायचा एकूण धातू कास्टिंग ३९, रायझर १३.४ आणि गेटिंग सुमारे ४.६ मिळून ५७ किलो होतो. पोलादासाठीच्या एका प्रचलित सूत्रानुसार, २.४३३५ मधून किलोतल्या वजनाच्या १० पायाच्या लॉगची ०.३९५३ पट वजा करून उत्तराला वजनाच्या वर्गमुळाने गुणले, की सेकंद मिळतात. ५७ किलोला ते १३ सेकंद येतात.

वरच्या पेटीत चकती, हब आणि रायझर मिळून ३०० मिमी उंची आहे. पोअरिंग बेसिनमध्ये ६० मिमी धातू राहील असे धरले, तर इनगेटवर सुरुवातीला ३६० मिमीचा दाब असतो. साचा भरत जाताना तो घटतो आणि सरासरी २१० मिमी धरता येतो. द्रव पोलादाची घनता ७ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि प्रवाहाचा गुणांक ०.८ घेऊन चोकचे, म्हणजे वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेचे, क्षेत्रफळ ३.८६ चौ. सेंमी निघते. ही जागा स्प्रूच्या, म्हणजे धातू खाली नेणाऱ्या उभ्या वाटेच्या, खालच्या टोकाशी असते, म्हणून त्या टोकाचा व्यास २२ मिमी होतो. स्प्रू खाली निमुळता हवा, कारण पडताना धातूची धार बारीक होते. स्प्रू तेवढाच रुंद ठेवला, तर धार आणि भिंत यांच्यातल्या जागेतून हवा ओढली जाते. ३६० आणि ६० मिमी उंचीच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने खालचे क्षेत्र गुणले, की वरच्या टोकाचा व्यास ३५ मिमी मिळतो.

आता इनगेट. पोलादासाठी चोक, रनर आणि इनगेट यांच्या क्षेत्रफळांचे १:२:२ असे प्रमाण सर्रास घेतात. आपल्या मापांत त्याने इनगेटवरचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास राहतो, म्हणजे मर्यादेपेक्षा बराच जास्त. म्हणून इथे १:३:३ घेणे बरे. दोन रनर २४ बाय २५ मिमीचे आणि दोन इनगेट प्रत्येकी ६० मिमी रुंद व १० मिमी उंच ठेवले, की सरासरी वेग सेकंदाला ०.५२ मीटर येतो. सुरुवातीला दाब पूर्ण असल्याने तो ०.७ च्या जवळ असतो, त्यामुळे रनरचे टोक शेवटच्या इनगेटच्या पुढे ५० मिमी वाढवावे. पहिला थंड आणि मळका धातू तिथे अडकतो. रनरमध्ये झिर्कोनियाचा सिरॅमिक फिल्टर बसवता आला, तर ही पहिली उसळी बरीच शांत होते.

इनगेट रुंद आणि पातळ ठेवण्याचे दुसरे कारण आहे. चौरस जाड इनगेट चकतीच्या काठाशी स्वतःचा गरम बिंदू तयार करतो, मग त्या ठिकाणी पोकळी येते आणि फेटलिंगमध्ये इनगेट तोडल्यावर ती दिसते. ६० बाय १० मिमीच्या इनगेटचा मोड्युलस ०.४३ सेंमी आहे, चकतीच्या एकचतुर्थांशाच्या आसपास. तो लवकर गोठतो आणि चकतीतून धातू परत ओढू शकत नाही.

या मांडणीत एक तोटा उरतो. खालून भरत आलेला धातू वर जाईपर्यंत थंड होतो, आणि रायझरमध्ये सगळ्यांत गरम धातू हवा असताना सगळ्यांत थंड धातू पोहोचतो. त्यासाठी स्प्रूमधून रायझर सुमारे तीनचतुर्थांश भरल्यावर ओतणे थांबवावे, उरलेला धातू लॅडलमधून थेट रायझरच्या उघड्या तोंडात हळू सोडावा आणि लगेच आवरण पावडर टाकावी. पावडर अर्ध्या मिनिटाने पडली, तर वर कवच धरते आणि हवेचा दाब द्रवावर पोहोचत नाही. मग रायझर भरलेला दिसतो, पण कास्टिंगला काही देत नाही.

पायरी ७: पहिल्या चाचणीतून वाचायचे काय

पहिले दोन नग ओतल्यावर एकाचा उभा काप घ्यावा. रायझरमध्ये वरून खोल उतरणारी खळगी दिसत असेल आणि तिचे टोक रायझरच्या बुडापासून किमान २०–२५ मिमी वर थांबले असेल, तर रायझर योग्य काम करतो आहे. खळगीचे टोक हबमध्ये घुसले असेल, तर माल कमी पडला आहे. अशा वेळी व्यासाला हात न लावता उंची वाढवून पाहावी.

रायझरचा माथा सपाट राहिला आणि हबमध्ये मात्र काटेरी पोकळी सापडली, तर रायझरने द्रव सोडलाच नाही. बहुधा माथ्यावर कवच धरले असते किंवा पावडर उशिरा पडलेली असते. रायझरचा माथा फुगून वर आलेला असेल, तर तो वायूचा स्पष्ट इशारा आहे. त्या हीटचे डीऑक्सिडेशन आणि लॅडलची नोंद आधी तपासावी, मग रायझरला हात लावावा.

खळगी बरोबर असून चकतीच्या मध्यरेषेवर सच्छिद्रता असेल, तर प्रश्न पोहोचीचा आहे आणि उत्तर पॅडिंग किंवा काठाला चिल हे आहे. रायझर वाढवून इथे काही मिळत नाही. हब आणि चकतीच्या कोपऱ्यातच पोकळी असेल, तर तिथल्या फिलेटची त्रिज्या पाहावी. ती फार मोठी झाली, की कोपऱ्यात बसणारे वर्तुळ वाढते आणि तो भाग शेवटी गोठतो. त्रिज्या फार लहान असेल, तर उलट गरम भेग पडते. जाडीच्या एकतृतीयांशाच्या आसपासची त्रिज्या बहुतेक वेळा चालते.

बिडाच्या आणि एसजी आयर्नच्या कामात फरक

वरचे गणित एसजी आयर्नला जसेच्या तसे लावू नये. बिडात आणि एसजी आयर्नमध्ये गोठताना ग्रॅफाइट वेगळे होते आणि त्यामुळे धातू फुगतो. हा फुगवटा साच्यातच रोखून धरला, तर तो आकुंचनाची बरीचशी भरपाई स्वतःच करतो आणि रायझर लहान चालतो. साचा मऊ असेल, तर भिंती मागे सरकतात, फुगवटा वाया जातो आणि मोठा रायझर असूनही आत पोकळी उरते. म्हणून ग्रीन सँडमध्ये एसजी आयर्नची कास्टिंग पोकळ निघत असतील, तर रायझर बदलण्यापूर्वी साच्याची कडकपणाची मापे घ्यावीत. टेस्टरवर ८५ ते ९० च्या आसपासचा आकडा सगळ्या उभ्या भिंतींवर, फक्त वरच्या पृष्ठावर नव्हे, मिळायला हवा. पेट्यांचे क्लॅम्प आणि वरचे वजन पुरेसे नसेल, तरी हाच परिणाम होतो आणि कास्टिंगचे वजन पॅटर्नच्या हिशेबापेक्षा जास्त भरते. काट्यावर दिसणारे हे जादा वजन एसजी आयर्नमधल्या पोकळीची सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

रायझरच्या मानेचे तत्त्वही इथे उलटते. पोलादात मान शेवटपर्यंत उघडी हवी असते. एसजी आयर्नमध्ये ती द्रव आकुंचन संपून फुगवटा सुरू होण्याच्या वेळी बंद व्हायला हवी, नाहीतर फुगलेला धातू मानेतून परत रायझरमध्ये ढकलला जातो आणि कास्टिंगला हवा असलेला दाब निघून जातो. ही वेळ कार्बन इक्विव्हॅलंट आणि इनॉक्युलेशनवर अवलंबून असल्यामुळे, त्याच पॅटर्नवर एका पाळीत चांगले नग आणि दुसऱ्या पाळीत पोकळ नग येत असतील, तर रायझरचे माप बदलण्याआधी त्या दोन पाळ्यांचे केमिस्ट्रीचे रिपोर्ट आणि इनॉक्युलेशनपासून ओतेपर्यंत गेलेली मिनिटे शेजारी ठेवून पाहावीत.